बाईंचा आवाज पोहोचतो, चित्र पोहोचत नाही: ऑनलाइन अध्यापनाचे नियम ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय महोदय व महोदया,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन पाठांसाठी आपण घातलेल्या अटींमध्ये एक अट अशी आहे की, शिक्षकाचा कॅमेरा ठरलेल्या किमान वेळेपर्यंत सुरू राहिला तरच तो पाठ झाला असे धरले जावे. या एका अटीमुळे आमच्या शाळेतील एका शिक्षिकेने संपूर्ण हंगामभर घेतलेले पाठ आपल्या नोंदीत ‘न झालेले’ म्हणून पडले आहेत. त्या शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. ती नोंद माझ्या सहीने वर जाते, आणि जे पाठ मी स्वतः टेकडीवर बसून ऐकले आहेत ते झालेच नाहीत असे लिहून देणे मला यापुढे शक्य नाही. म्हणून हे पाठ कोठे झाले, कसे झाले आणि कॅमेरा का सुरू राहू शकला नाही, हे मी आपल्यापुढे सविस्तर मांडत आहे.

आमचे गाव टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि फोनचा सर्वांत जवळचा टॉवर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे. फोनच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगराच्या कडेवरून त्या थोड्या वाकतात, पण लगेच पायथ्याशी उतरण्याइतक्या वाकत नाहीत. त्यामुळे गावात रेंज नाही, आणि शाळेत तर मुळीच नाही. शाळेत समोर बसलेल्या मुलांना शिकवायला रेंज लागत नाही, म्हणून बरीच वर्षे याचे कोणाला काही वाटले नाही. प्रश्न होता तो हंगामात बाहेरगावी जाणाऱ्या मुलांचा. काम जिकडे असेल तिकडे आईवडील जातात, मुले त्यांच्याबरोबर जातात, आणि परत येतात तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. गणितात हे सर्वांत आधी दिसते. भागाकार अर्धवट राहिलेल्या मुलापुढे अपूर्णांक येतात, अपूर्णांक न कळलेल्या मुलापुढे टक्केवारी येते, आणि मग ते मूल वर्गात मान खाली घालून बसू लागते.

बाईंनी ठरवले की या मुलांना हंगामातही शिकवायचे. मुले जिथे होती तिथे रेंज चांगली होती. फोन मात्र घरातल्या मोठ्या माणसाचा, आणि तो दिवसभर त्याच्याबरोबर कामावर जाणारा. संध्याकाळी माणूस परत आला की फोन मुलांच्या हाती लागायचा, आणि मुलांची झोपायची वेळ होण्याआधी तो पुन्हा मोठ्यांना हवा असायचा. या दोन वेळांच्या मधला जो पाऊण तास उरतो, तेवढाच पाठाला मिळतो. बाई संध्याकाळीच टेकडी का चढतात, सकाळी उजेडात का जात नाहीत, असा प्रश्न आपल्या कार्यालयातून एकदा लेखी आला होता. त्याचे उत्तर एवढेच आहे की सकाळी टेकडीवर रेंज असते, पण दुसऱ्या टोकाला फोन उचलायला मूल नसते.

सुरुवातीला बाई थेट माथ्यावर गेल्या. कोणीही जाईल, कारण उंच गेले की रेंज वाढते असा आपला सगळ्यांचाच समज असतो. माथ्यावर फोनच्या पट्ट्या भरलेल्या दिसल्या, पण पाठ चालेना. आवाज तुटायचा, फोन लागलेला असताना मधेच बंद पडायचा, एखादा फोटो अर्ध्यावर जाऊन थांबायचा. पट्ट्या पूर्ण असताना हे का होते, ते आम्हाला कळत नव्हते. टॉवरच्या देखभालीचे काम करणारा गावातलाच एक तरुण सुट्टीवर आला होता. तो बाईंबरोबर वर गेला आणि त्याने कारण दाखवून दिले. माथ्यावरून एकाच नव्हे, तर दूरदूरच्या अनेक टॉवरांच्या लहरी फोनपर्यंत येतात. पट्ट्या लहरींचा जोर सांगतात. त्या जोरात कामाचे किती आणि गोंगाट किती, ते सांगत नाहीत. फोनला हवा असतो एकाच टॉवरचा स्वच्छ आवाज. चार टॉवर सारख्याच जोराने बोलू लागले की त्याला एकाचेही धड ऐकू येत नाही, आणि तो या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो.

त्या तरुणाने बाईंना माथ्यावरून पलीकडच्या उतारावर, टॉवरच्या बाजूला, थोडे खाली उतरवले. तिथे एक मोठा खडक आहे. त्या खडकाला पाठ लावून, तोंड टॉवरकडे करून बसले की मागच्या आणि बाजूच्या टॉवरांच्या लहरी टेकडी स्वतःच अडवते आणि समोरचा एकच टॉवर उरतो. तिथे पट्ट्या माथ्यापेक्षा कमी दिसतात, पण पाठ चालतो. फोनच्या सेटिंगमध्ये सिमची माहिती देणाऱ्या पानावर लहरींचा जोर डीबीएम या मापात आकड्याने दिसतो, हेही त्यानेच दाखवले. हा आकडा उणे असतो. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० च्या आसपास अशक्त, आणि उणे १२० च्या जवळ गेला की फोन जेमतेम तग धरतो. दर १० आकड्यांमागे लहरींची ताकद दहा पटींनी कमी-जास्त होते, त्यामुळे दिसायला लहान वाटणारा फरक प्रत्यक्षात फार मोठा असतो. खडकापाशी आकडा साधारण उणे १०४ असतो. बाई टॉवरकडे पाठ करून बसल्या, तर मधे माणसाचे शरीर आल्यामुळे तोच आकडा आणखी खाली जातो. म्हणून त्या तोंड वळवत नाहीत, फोन हातात घट्ट धरत नाहीत, आणि पाठ सुरू असताना जागा सोडत नाहीत.

आता कॅमेऱ्याविषयी. माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे आणि तो आपण शांतपणे वाचावा अशी माझी विनंती आहे.

फोन ऐकतो आणि बोलतो, आणि या दोन कामांसाठी त्याच्याजवळ सारखे बळ नसते. टॉवर वीस-चाळीस वॉटने किंवा त्याहूनही अधिक ताकदीने लहरी पाठवतो. उलट फोनची पाठवण्याची कमाल ताकद एक पंचमांश वॉट, म्हणजे ०.२ वॉटच्या जवळपास असते. टॉवरचा अँटेना उंचावर असतो आणि तो फार हळू आवाजही टिपू शकतो, त्यामुळे ही तफावत काही प्रमाणात भरून निघते. पण अशक्त रेंजच्या कडेवर आधी दम सुटतो तो फोनच्या बोलण्याचाच. म्हणजे अशा जागी नेटवरून घेणे बरे चालते आणि देणे अडते. विद्यार्थी बहुतांश वेळ घेणारा असतो. शिक्षक देणारा असतो. आपले सगळे नियम, कव्हरेजचे नकाशे आणि ‘या भागात इंटरनेट उपलब्ध आहे’ हे प्रमाणपत्र घेणाऱ्याकडे पाहून तयार झालेले आहे. टेकडीवर बसलेली बाई देणारी आहे, ही गोष्ट त्यात कोठेच धरलेली नाही.

याची खूण ओळखायला यंत्र लागत नाही. मुलांचा आवाज बाईंना स्वच्छ ऐकू येतो आणि त्याच क्षणी मुले म्हणतात, “बाई, तुमचा आवाज येत नाही.” आपल्या एका निरीक्षकांनी दूरध्वनीवर याचा अर्थ ‘शिक्षिकेच्या फोनमध्ये दोष आहे’ असा लावला होता. फोनमध्ये दोष नव्हता. त्याच वेळी फोन हाताला गरम लागत असे आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरत असे, कारण टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी तो आपली सगळी ताकद लावत होता. दिवसभर गावात रेंज शोधत राहूनही फोनची बॅटरी अशीच संपते, म्हणून बाई सकाळपासून फोन विमान मोडवर ठेवतात आणि खडकापाशी पोहोचल्यावरच तो उघडतात.

खडकापाशी एका सर्वसाधारण संध्याकाळी घेण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट आणि देण्याचा वेग सुमारे १२० किलोबिट मिळतो, म्हणजे देणे हे घेण्याच्या पंचवीसाव्या हिश्श्याइतके. कमीत कमी दर्जाचे, चेहरा ओळखू येईल असे चलचित्र सलग पाठवायचे म्हटले तरी सेकंदाला तीनशे-चारशे किलोबिट लागतात. १२० मध्ये ते बसत नाही. आणि बसवू पाहिले की चित्राबरोबर आवाजही तुटतो, कारण दोन्ही एकाच अरुंद वाटेने जात असतात. केवळ आवाजाला मात्र, त्याच्याबरोबर जाणारी पत्त्याची माहिती धरून, सेकंदाला ४० किलोबिट पुरतात. कॅमेरा बंद ठेवला की पाठ चालतो आणि कॅमेरा सुरू केला की पाठ मोडतो, असा हा सरळ हिशोब आहे. आपल्या अटीने बाईंपुढे जो पर्याय ठेवला आहे तो असा: पाठ मोडा म्हणजे तो नोंदला जाईल, किंवा पाठ घ्या म्हणजे तो नोंदला जाणार नाही. बाईंनी पाठ घेतले.

चित्राशिवाय गणित कसे शिकवले, हा प्रश्न आपल्याला पडणे योग्य आहे. मलाही तो पडला होता, म्हणूनच मी वर जाऊन बसलो.

पाठाआधी बाई शाळेत एका कागदावर त्या दिवसाची आकृती काढतात. रेषा जाड, अक्षरे मोठी, आणि एका कागदावर एकच आकृती. तिचा फोटो फोनने काढला की तो ३ मेगाबाइटांचा होतो. १२० किलोबिटच्या वेगाने तो पाठवायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि मधे एकदा रेंज हलली की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून बाई खालीच तो फोटो कापून, रंग काढून, आकार कमी करून सव्वाशे किलोबाइटपर्यंत आणतात. खडकापाशी पोहोचल्यावर तो आठ-नऊ सेकंदांत निघून जातो. तो पोहोचल्याची खूण दिसली की मग फोन लावायचा. चित्र आधी, आवाज नंतर, दोन्ही एकदम कधीच नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

त्या संध्याकाळी पलीकडे तीन मुले एका फोनभोवती बसली होती. बोलण्याआधी प्रत्येकाने आपले नाव सांगायचे, आणि उत्तर देण्याआधी बाईंनी काय विचारले ते आपल्या शब्दांत परत म्हणायचे, अशी पद्धत होती. मला ती आधी वेळखाऊ वाटली. थोड्याच वेळात तिचे कारण कळले, कारण एका प्रश्नाचा मधला शब्द तुटला आणि मुलाने भलताच प्रश्न परत म्हणून दाखवला. बाईंनी तो तिथेच दुरुस्त केला. प्रश्न परत म्हणायला लावला नसता, तर मूल चुकले असे आम्ही समजलो असतो. वास्तविक त्याला ऐकूच गेले नव्हते.

पाठ अपूर्णांकांच्या बेरजेचा होता. अर्धा अधिक एक तृतीयांश. पाचवीतल्या एका मुलीने उत्तर सांगितले आणि बाई म्हणाल्या, “वहीत काय लिहिलंस ते ओळीनं वाच.”

“एक छेद दोन अधिक एक छेद तीन. बरोबर दोन छेद पाच.”

“दोन कसे आले?”

“वरचे वर मिळवले.”

“आणि पाच?”

“खालचे खाली मिळवले, बाई.”

बाई ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला पाठवलेली आकृती पाहायला सांगितली. आकृतीत सहा सारख्या घरांची एक पट्टी होती. तशीच पट्टी वहीत काढायला लावली आणि पेन्सिल ठेवल्याचे मुलीने सांगेपर्यंत त्या थांबल्या.

“अर्धी पट्टी म्हणजे किती घरं?”

“तीन.”

“आणि पट्टीचा तिसरा हिस्सा?”

“दोन.”

“दोन्ही मिळून रंगव. किती झाली?”

“पाच.”

“एकूण किती घरांपैकी?”

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. फोन बंद पडला असे मला वाटले, पण बाईंनी हाताने मला थांबवले. मग आवाज आला, “सहापैकी.”

“आता तुझं आधीचं उत्तर बघ. दोन छेद पाच. ते अर्ध्याहून मोठं की लहान?”

मुलीने मनाशी काहीतरी मोजले. “लहान,” ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच पुढे बोलली, “पण बाई, अर्ध्यात आणखी मिळवलं तर ते अर्ध्याहून लहान कसं होईल?”

पाठाचा उरलेला वेळ त्या एका प्रश्नावर गेला. छेद म्हणजे मिळवायची संख्या नव्हे, पट्टीचे किती भाग केले त्याचा तो पत्ता आहे, आणि वेगवेगळ्या आकाराचे तुकडे मिळवायचे तर आधी सगळे तुकडे एकाच आकाराचे करावे लागतात, हे तिघा मुलांनी एकमेकांना समजावून सांगितले. बाई फक्त कोण बोलणार ते सांगत होत्या. शेवटी प्रत्येकाला एकेक गणित दिले. सोडवलेल्या पानाचा फोटो दुसऱ्या दिवशी मुलांकडून आला. मुलांच्या बाजूला रेंज चांगली असल्यामुळे त्यांना देणे सोपे होते आणि बाईंना घेणे सोपे होते. पाठाचा खरा पुरावा तो फोटो आहे. त्यावर त्या मुलीच्या हाताने खोडलेला दोन छेद पाच आहे आणि त्याच्या खाली पाच छेद सहा आहे. सुरू असलेल्या कॅमेऱ्याच्या मिनिटांवरून यातले काही दिसले असते असे मला वाटत नाही.

आवाजाच्या पाठालाही मर्यादा आहेत आणि त्या मी लपवणार नाही. भूमितीतील रचना, नकाशा, प्रयोग हे सगळे या पद्धतीने नीट होत नाही; बाईंनी ते प्रयत्नही सोडून दिले आणि हंगाम संपल्यावर शाळेत घेतले. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही त्याच्यासाठी फोनवरचा पाठ फारसा उपयोगाचा नाही, कारण त्याचे बोट अक्षरावर आहे की नाही हे शिक्षकाला पाहावेच लागते. वाऱ्याचाही त्रास असतो. वारा सुटला की फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय बाईंचा आवाजही गोंगाट समजून दाबून टाकते. त्यावर तार असलेल्या इअरफोनचा माइक रुमालाच्या घडीत ठेवणे हा साधा उपाय त्यांना सापडला. आणि रात्र जसजशी जवळ येते तसतसा त्या टॉवरवरच्या सगळ्या गावांतला वापर वाढतो व वेग उतरतो, म्हणून पाठाचा महत्त्वाचा भाग बाई पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच घेतात.

एका गोष्टीत मात्र मी मुख्याध्यापक म्हणून हस्तक्षेप केला. विजांच्या दिवसांत उघड्या टेकडीवर बसणे जिवावरचे आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वादळ धोक्याच्या अंतरात आहे असे समजून ताबडतोब खाली उतरायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचे नाही, असे मी त्यांना लेखी बजावले. त्या लेखी सूचनेची प्रत मी आपल्याकडे पाठवली होती. तरीही विजांमुळे बाई वर गेल्या नाहीत त्या संध्याकाळी आपल्या प्रणालीने त्यांच्या नावापुढे विनापरवानगी गैरहजेरी लावली. शिक्षिकेने विजा चमकत असताना टेकडीवर बसावे अशी आपली इच्छा नाही, हे मी जाणतो. पण नियम आज तेच सांगतो, आणि मला हे सर्वांत अधिक गंभीर वाटते.

टेकडीच्या अलीकडे नवा टॉवर हवा, ही मागणी गावाने स्वतंत्रपणे केलेली आहे आणि ती मी इथे पुन्हा मांडत नाही. तो निर्णय आपल्या हातात नाही. रेंज वाढवणारे यंत्र बाजारातून आणून लावा, असेही आम्हाला सुचवले गेले. परवानगीशिवाय लावलेली अशी यंत्रे इतरांच्या फोनमध्ये अडथळा आणतात आणि टॉवरच्या कामात बिघाड करतात, म्हणून शाळेने ते करणे मला मान्य नाही. माझे मागणे आपल्या अधिकारातले आहे आणि त्यासाठी नवा खर्च जवळजवळ लागत नाही.

कॅमेरा सुरू असल्याची अट, जिथे देण्याचा वेग कमी आहे अशा ठिकाणी, काढून टाकावी आणि आवाजावर घेतलेला पाठ हा पाठ म्हणून धरावा. पुरावा म्हणून मुलांच्या वहीच्या पानांचे फोटो आणि शिक्षकाने ठेवलेली टाचणवही पुरेशी मानावी. मुख्याध्यापकाने महिन्यातून एकदा पाठाला बसून ऐकावे अशी अट आपण घातलीत, तर मी ती आनंदाने पाळीन. कॅमेऱ्याच्या मिनिटांपेक्षा ती तपासणी कडक आहे आणि शिक्षकाला उपयोगाचीही आहे.

हजेरीचे अॅप नेट नसतानाही उघडले पाहिजे. आज ते उघडण्यासाठी दर वेळी संदेशातून येणारा आकडा लागतो. तो संदेश खडकापाशी कधी लगेच येतो, कधी त्याची मुदत संपल्यावर येतो, आणि पाऊण तासातली दहा मिनिटे तिथेच जातात. शिक्षकाने एकदा ओळख पटवली की त्यानंतरची हजेरी आणि पाठाची वेळ फोनमध्ये साठून राहावी, आणि रेंज मिळेल तेव्हा ती आपोआप वर जावी, एवढा बदल पुरे आहे. उशिरा पोहोचलेली नोंद म्हणजे उशिरा झालेला पाठ असे आपल्या प्रणालीने समजू नये.

विजांच्या किंवा मुसळधार पावसाच्या संध्याकाळी शिक्षक वर जाणार नाही हे नियमातच लिहावे. त्या दिवसासाठी ध्वनिमुद्रित पाठ चालावा. पाच मिनिटांचे बोलणे साध्या दर्जात साठवले की सुमारे ९०० किलोबाइटांचे होते, म्हणजे खडकापाशीच्या वेगाने ते एका मिनिटात जाते. बाई असे दोन-तीन पाठ आधीच पाठवून ठेवू शकतात, आणि मुले त्या संध्याकाळी ते ऐकून वहीत काम करू शकतात. हा जिवंत पाठाला पर्याय नाही, कारण ‘अर्ध्याहून लहान कसं होईल’ हा प्रश्न ध्वनिमुद्रण ऐकून घेऊ शकत नाही. पण खंड पडण्यापेक्षा तो बरा.

आणि शेवटचे असे की, एखाद्या गावात इंटरनेट आहे असे आपण नोंदवाल तेव्हा ते नकाशावरून नोंदवू नये. असे नकाशे बहुधा गणिती अंदाजावर काढलेले असतात आणि उघड्यावरचे, घेण्याच्या बाजूचे चित्र दाखवतात. शिक्षक ज्या जागी उभा राहून शिकवतो त्या जागी, पाठाच्याच वेळी, देण्याचा वेग मोजावा. हे मोजायला एक फोन आणि दोन मिनिटे लागतात. आपल्या विभागाचे जे कोणी अधिकारी मोजणीसाठी येतील, त्यांना टेकडीची वाट दाखवायला मी स्वतः येईन.

पुढच्या हंगामासाठी कुटुंबे गाव सोडतील त्याआधी आपला निर्णय हाती यावा, कारण कोणत्या मुलांबरोबर कोणाचा फोन जाणार आणि त्याच्यावर काय भरून द्यायचे, हे गावातून निघण्याच्या आधीच ठरवावे लागते. मागील हंगामातील पाठांची टाचणे, मुलांच्या वहीच्या पानांचे फोटो आणि खडकापाशी बाईंनी लिहून ठेवलेल्या वेगाच्या नोंदी शाळेत आहेत. आपण मागवाल त्या दिवशी त्या सर्व मी पाठवीन, आणि ‘न झालेले’ अशी नोंद असलेले पाठ त्यावरून पुन्हा तपासले जावेत, अशी माझी औपचारिक मागणी आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एका गावशाळेचा मुख्याध्यापक